ओढ्याचे पाणी आधी मोजा, मग भांडा



जिल्ह्याच्या बैठकीत ओढ्याच्या पाण्याचा विषय निघाला की दोन तट पडतात. वरच्या गावचे म्हणतात, पाणी भरपूर आहे, डोळ्यांदेखत वाहून चालले आहे, बोंडे भरायच्या वेळी कपाशीला एक पाणी घेतले तर कोणाचे काय बिघडले? खालच्या गावचे म्हणतात, तुमच्या मोटारी सुरू झाल्या की आमच्या डोहात जनावराला तोंड बुडवण्यापुरते पाणी राहत नाही. दोघेही आपापल्या जागी खरे बोलतात. पण 'भरपूर' म्हणजे सेकंदाला किती लिटर, हे दोघांपैकी एकालाही सांगता येत नाही, आणि मग भांडण ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने सुटते.

सरकारी खात्याकडे आकडा असतो, नाही असे नाही. पण लहान ओढ्यांच्या बाबतीत तो बहुधा ओढ्याच्या काठावर तयार झालेला नसतो. पाणलोटाचे क्षेत्र घ्यायचे, पाऊस घ्यायचा आणि कोष्टकात बघून पावसाळ्याचे एकूण पाणी काढायचे, ही रीत आहे. आपल्या भागात त्यासाठी चालत आलेले स्ट्रेंज साहेबांचे कोष्टक १८९२ सालचे, मुंबई इलाख्यातले. बंधारा किती मोठा बांधावा याचा अंदाज घ्यायला ते वाईट नाही. पण दसरा झाल्यावर, पाऊस उघडल्यावर, आजच्या दिवशी आपल्या ओढ्यातून काय वाहते आहे, हे त्या कोष्टकाला विचारून उपयोग नाही. ते कळायला ओढ्यातच उतरावे लागते. त्याला लागते काय? एक सुतळी, एक टेप, एक सरळ काठी, दोन-तीन संत्री आणि मोबाइलमधले सेकंदाचे घड्याळ. चार माणसे आणि दोन तास.

एका गावच्या ओढ्यावर आम्ही ही मोजणी केली, तिचाच हिशेब येथे पुरता मांडतो. पाऊस थांबून दहा-बारा दिवस झाले होते, पाणी निवळशंख, सर्वांत खोल ठिकाणी गुडघ्याच्या आसपास. याहून जास्त खोल आणि जोराचे पाणी असेल तर कोणी पात्रात उतरू नये. गढूळ पुरात उतरून मोजणी करणे हा वेडेपणा आहे, आणि आपला प्रश्न पुराच्या पाण्याचा नाहीच.

पहिले काम जागा निवडण्याचे, आणि निम्मी मोजणी तिथेच सुधारते किंवा बिघडते. पात्र पंधरा-वीस मीटर तरी सरळ असावे, रुंदी फार कमीजास्त होत नसावी, मध्ये मोठे दगड, झुडपे नसावीत. वळणावर मोजू नये. बंधाऱ्याच्या फुगवट्यात तर मुळीच नाही, कारण तिथे पाणी दिसते खूप आणि हलते थोडे. एका काठावर खुंटी ठोकून सुतळी दुसऱ्या काठावर ताणून बांधावी. ती धारेशी काटकोनात हवी. तीस अंशांनी तिरपी झाली तरी रुंदी सुमारे पंधरा टक्के जास्त भरते आणि तितकेच खोटे पाणी आपल्या हिशेबात शिरते.

आमच्या ओढ्यात डाव्या काठावर जिथे पाणी सुरू होते तिथून उजव्या काठावर जिथे संपते तिथपर्यंत रुंदी भरली ५.६ मीटर. सुतळीला दर मीटरला गाठ मारली आणि प्रत्येक गाठीखाली काठी उभी धरून खोली घेतली. पहिल्या मीटरला १२ सेंटिमीटर, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला ४६, चौथ्याला ४० आणि पाचव्याला १८. दोन्ही काठांवर शून्य. काठी धरणाऱ्याने तिच्यावर भार देऊ नये. आपल्या काळ्या मातीच्या गाळात काठी सहज चार बोटे रुतते आणि तेवढे चार बोटे पाणी फुकटात वाढते. काठीच्या तळाला रुपयाएवढी पत्र्याची चकती ठोकली की हा त्रास जातो. काठीवर पाणी चढते त्या उंचीलाही वाचू नये, बाजूच्या सपाट पाण्याची पातळी वाचावी.

आता काटछेदाचे क्षेत्र. म्हणजे असे समजा की ओढा सुतळीच्या रेषेत सुरीने कापला, तर कापलेल्या तोंडाचे क्षेत्र किती? दोन गाठींमधली प्रत्येक पट्टी वेगळी धरायची. पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या खोल्यांची सरासरी काढायची आणि पट्टीच्या रुंदीने गुणायचे. काठापासून पहिल्या गाठीपर्यंत खोली शून्य ते १२ सेंटिमीटर, सरासरी ६, म्हणजे ०.०६ चौरस मीटर. पुढची पट्टी १२ ते ३०, सरासरी २१, म्हणजे ०.२१. पुढे ०.३८, मग ०.४३, मग ०.२९. शेवटची पट्टी एक मीटरची नाही, ती फक्त ६० सेंटिमीटर रुंद आहे. १८ आणि शून्याची सरासरी ९ सेंटिमीटर गुणिले ०.६ मीटर, म्हणजे ०.०५४. सगळ्यांची बेरीज १.४२४ चौरस मीटर. गुणाकार-बेरजेपलीकडे यात काही नाही. सातवीतला पोरगा काठावर बसून हे करतो, आमच्याकडे एकाने केलेही.

हे लांबण लावून सांगण्याचे कारण असे की गावात हा हिशेब दुसऱ्याच पद्धतीने होतो. मधली सर्वांत खोल जागा ४६ सेंटिमीटर, रुंदी ५.६ मीटर, मारा गुणाकार, झाले २.५८ चौरस मीटर! खऱ्या क्षेत्राच्या जवळजवळ पावणेदोन पट. ओढ्याचे पात्र हे काही भिंती असलेले हौद नव्हे, ते पसरट परातीसारखे असते. थोडा शहाणा माणूस पाचही खोल्यांची सरासरी काढतो, ती येते २९ सेंटिमीटर, आणि रुंदीने गुणून १.६४ म्हणतो. तरीही पंधरा टक्के जास्तच, कारण काठावरची शून्ये त्याने धरली नाहीत. तळ जिथे एकदम खचतो किंवा उचलतो तिथे मीटरची गाठ नसली तरी एक जादा खोली घ्यावी आणि तिथून वेगळी पट्टी धरावी. गाठी समान अंतरावर असल्याच पाहिजेत असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही.

क्षेत्र मिळाले म्हणजे पाणी मिळाले असे नव्हे. डबक्यालाही क्षेत्र असते. आता पाहिजे वेग. सुतळीच्या पाच मीटर वर आणि पाच मीटर खाली अशा आणखी दोन सुतळ्या बांधल्या, म्हणजे धावपट्टी दहा मीटरची झाली. संत्रे वरच्या सुतळीच्या थोडे आधीच सोडावे, म्हणजे सुतळीखाली येईपर्यंत ते पाण्याच्या चालीने चालू लागते. संत्रेच का? ते जवळजवळ पूर्ण बुडून तरंगते, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही. पळसाचे पान किंवा कोरडी काडी टाकली तर मोजणी पाण्याची होत नाही, वाऱ्याची होते. अर्धी पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची बाटलीही चालते.

मध्यभागी तीन वेळा संत्रे सोडले, दहा मीटरला सरासरी ४० सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला पाव मीटर. डाव्या काठाजवळ ७१ सेकंद, म्हणजे ०.१४ मीटर. उजव्या बाजूला ५६ सेकंद, म्हणजे ०.१८ मीटर. यावरूनच कळते की सगळा ओढा एका चालीने चालत नाही. म्हणून क्षेत्राचेही तीन भाग करायचे. डावीकडच्या दोन मीटरचे ०.२७ चौरस मीटर, मधल्या दोन मीटरचे ०.८१ आणि उजवीकडच्या उरलेल्याचे ०.३४४. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या वेगाने गुणले की डावीकडून सेकंदाला ३८ लिटर, मधून २०२ आणि उजवीकडून ६२ लिटर, एकूण ३०२ लिटर. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, एवढे लक्षात असले की पुरे. एखाद्या काठाशी पाणी थांबलेले किंवा उलटे फिरताना दिसले तर त्या तुकड्याचे क्षेत्र हिशेबात घेऊच नये. ते पाणी आहे, पण वाहते पाणी नाही.

अजून एक वजावट राहिली, आणि आमच्या मते सगळ्यात जास्त फसवणूक याच जागी होते. संत्रे पृष्ठभागावरचा वेग दाखवते. तळाशी पाणी दगडगोट्यांना घासत जाते, तिथे त्याची चाल मंद असते. म्हणून पृष्ठभागाच्या वेगाला एका गुणकाने गुणून सरासरी वेग काढावा लागतो. पुस्तकांत सर्रास ०.८५ हा गुणक दिलेला असतो आणि जो तो तोच वापरतो. तसे केले तर आमच्या ओढ्याचे पाणी ३०२ चे २५७ लिटर झाले. पण ०.८५ शोभतो खोल पाण्याला आणि गुळगुळीत तळाला. उथळ, गोट्यांच्या ओढ्यात तळाची ओढ वरपर्यंत पोहोचते. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ रिक्लमेशन या सिंचन खात्याच्या पाणीमोजणीच्या पुस्तिकेत सरासरी एक फूट खोलीसाठी ०.६६ हा गुणक दिलेला आहे. आमच्या ओढ्याची सरासरी खोली २५ सेंटिमीटर, म्हणजे फुटापेक्षाही कमी. तर मग पाणी भरते साधारण २०० लिटर. एकाच ओढ्यात, एकाच दिवशी, एकाच सुतळीवर २५७ की २००, हे फक्त एका गुणकावर ठरते.

तेव्हा आमचे मत स्पष्ट आहे. पाणी मागायला जाताना संघटनेच्या लोकांनी लहान आकडा घेऊन जावे. २५७ सांगून खात्याच्या इंजिनिअरने ०.८५ वर बोट ठेवले की आपले सगळेच म्हणणे हवेत जाते. २०० सांगितले आणि प्रत्यक्षात २३० निघाले तर कोणाचे नुकसान होत नाही.

याच ओढ्याचा तो गावठी हिशेब पुरा करून बघा. २.५८ चौरस मीटर गुणिले मधल्या धारेचा पाव मीटर वेग, म्हणजे ६४४ लिटर. खऱ्या पाण्याच्या तिप्पट! आणि यात कोणी खोटे बोललेले नाही. प्रत्येकाने जे डोळ्याला मोठे दिसले ते धरले, इतकेच.

या फरकाचा शेतात अर्थ काय, तेही बघू. तेथील एका पाच एचपीच्या मोटारीचे पाणी आम्ही दोनशे लिटरच्या टिपात सोडून मोजले. टीप २५ सेकंदांत भरले, म्हणजे सेकंदाला ८ लिटर. ६४४ लिटरच्या हिशेबाने ओढ्यावर ऐंशी मोटारी बसतात. २०० लिटरच्या हिशेबाने पंचवीस, आणि त्यासुद्धा ओढा पार कोरडा करून. खालच्या गावाला निम्मे सोडायचे ठरवले तर बारा. आता कोणी म्हणेल, मोटार काही चोवीस तास चालत नाही, मग बारावर का अडायचे? त्याचे उत्तर डी.पी.वर टांगलेले आहे. फीडरला वीज आली की सगळ्यांच्या मोटारी एकदमच सुरू होतात. दिवसभराच्या सरासरीत पाणी पुरते, पण वीज असलेल्या आठ तासांत ओढा उघडा पडतो आणि नेमका त्याच वेळी खालच्या गावचा फूटव्हॉल्व्ह हवा ओढायला लागतो. म्हणून मोटारींचा हिशेब दिवसाच्या लिटरांवर करू नये, सेकंदाच्या लिटरांवर करावा.

एका एकराला पाच सेंटिमीटर पाणी द्यायचे तर दोन लाख लिटर लागतात. आठ लिटरच्या मोटारीला त्यासाठी सात तास लागतात, म्हणजे वीज आठ तास टिकली तर एका मोटारीने दिवसाला एक एकर. पाटात, भेगांत जिरते ते वेगळेच. बारा मोटारी, बारा एकर. पाळी लावली तर पंधरा दिवसांत दीडशे एकर कपाशीला एक पाणी मिळू शकते, किंवा रब्बी ज्वारीला पोटऱ्यात येताना. पाळी न लावता ऐंशी मोटारी बसवल्या तर पहिल्या दोन दिवसांत वरच्यांचे भिजते आणि मग सर्वांचेच राहते.

पण हा पंधरा दिवसांचा हिशेबही एका अटीवरच उभा आहे, की पाणी तितकेच राहील. ते राहत नाही. त्याच सुतळीवर तीन आठवड्यांनी पुन्हा मोजले तेव्हा २०० चे ७० लिटर झाले होते. पाऊस उघडल्यावर ओढ्यात येते ते जमिनीत मुरलेले पाणी, आणि ते रोज थोडे थोडे आटत जाते. ७० लिटरमध्ये निम्मे सोडायचे तर चार मोटारी. म्हणून एका दिवसाच्या मोजणीवर हंगामाचा ठराव करणे चूक आहे. मोजणी दर आठवड्याला, त्याच जागी व्हावी आणि मोटारींची पाळी त्याप्रमाणे कमी होत जावी.

दर आठवड्याला सगळी सुतळी-काठी करायचा कंटाळा येतो, हे आम्हाला ठाऊक आहे. त्याला एक उपाय आहे. मोजणीच्या जागी पात्रातल्या न हलणाऱ्या खडकावर किंवा पक्क्या रोवलेल्या लोखंडी गजावर सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात आणि प्रत्येक मोजणीच्या वेळी पाणी कोणत्या खुणेवर होते ते लिहावे. निरनिराळ्या पातळ्यांना सहा-आठ मोजण्या झाल्या की आलेख-कागदावर खूण आणि लिटर यांची रेघ काढता येते. पुढे नुसती खूण वाचून लिटर सांगता येतात. मात्र मोठा पूर येऊन गेला की ही रेघ मोडीत काढावी. पुराने तळ खरवडला किंवा वाळू आणून टाकली की तीच खूण वेगळे पाणी दाखवते, आणि जुन्या रेघेवर विसंबलेला माणूस बिनदिक्कत चुकीचे सांगत राहतो.

आपली मोजणी बरोबर आहे हे ओळखायचे कसे? आम्ही एक साधी परीक्षा घेतो. त्याच ओढ्यावर पन्नास-साठ मीटर खाली दुसरी जागा निवडायची, मध्ये कोणताही नाला मिळत नाही आणि मोटार चालू नाही हे बघायचे, आणि तिथेही सगळे पुन्हा करायचे. आमच्या ओढ्याला खाली पात्र चिंचोळे होते. क्षेत्र भरले फक्त ०.७२ चौरस मीटर, पण पाणी धावत होते सेकंदाला सरासरी ०.४५ मीटर. गुणाकार ३२४ लिटर. वरच्या जागी गुणक लावण्याआधी आले होते ३०२. सात टक्क्यांचा फरक, म्हणजे काम ठीक. क्षेत्र निम्मे झाले आणि वेग दुप्पट झाला, पाणी तेवढेच राहिले, आणि ते तसेच राहायला हवे, कारण मध्ये ते जाणार कुठे? वीस टक्क्यांहून जास्त फरक आला तर दोन्हीपैकी एक जागा फसवी आहे. बहुधा एकीकडे थांबलेले पाणी क्षेत्रात धरले गेलेले असते किंवा वाऱ्याने संत्र्याला हात लावलेला असतो. पण गुणकाची चूक या परीक्षेत सापडत नाही, कारण ती दोन्ही जागी सारखीच असते. तेवढ्यासाठी एकदा तरी खात्याचे करंट मीटर आणवावे.

खात्याची पद्धत याहून बारीक असते, हे मान्य केले पाहिजे. त्यांचे फिरत्या वाट्यांचे मीटर पृष्ठभागापासून खोलीच्या सहा दशांशावर धरतात, तिथला वेग त्या उभ्या रेषेच्या सरासरी वेगाच्या जवळ असतो, त्यामुळे गुणकाचा घोळच नाही. पट्ट्याही इतक्या पाडतात की कोणत्याही एका पट्टीतून एकूण पाण्याच्या दहा टक्क्यांहून जास्त जाऊ नये. आमच्या मोजणीत मधल्या एका भागातूनच दोन तृतीयांश पाणी गेले. म्हणून आमचा आकडा वीस टक्के इकडेतिकडे धरावा. पण बारा मोटारी की ऐंशी, या भांडणाला वीस टक्क्यांची चूक परवडते. ओढ्याकडे न बघता फाइलीतून काढलेला आकडा किती टक्के चुकतो, ते मोजायला मात्र कोणी येत नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला ज्या गावांना पाण्याचा विषय मांडायचा असेल त्यांनी वहीचे एक पान घेऊन यावे. त्यावर तारीख, जागा, प्रत्येक गाठीची खोली, प्रत्येक संत्र्याचे सेकंद, लावलेला गुणक आणि खडकावरची खूण असावी. नुसते शेवटचे उत्तर लिहून आणू नये, कच्चे आकडे आणावेत, म्हणजे दुसऱ्याला तपासता येतात. आणि मोजणीच्या दिवशी खालच्या गावच्या एका माणसाला आधी निरोप द्यावा. सुतळीचे दुसरे टोक त्याच्या हातात असावे, आणि पानाची एक नक्कल त्याच दिवशी त्याच्याबरोबर खाली जावी.